रोखीचा कापूस आणि बुडालेला कर

प्रश्न : आमच्या मानवत-सेलू भागात वेचणीची मजुरी, हमाली, खेडा खरेदी सगळे रोखीत चालते. हा सगळा बुडवलेलाच कर समजायचा का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. करतूट म्हणजे कायद्याने येणे असलेला कर वजा प्रत्यक्ष जमा झालेला कर. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे आणि वेचणाऱ्या बाईची कमाई करपात्र मर्यादेच्या जवळपासही जात नाही. त्यांच्या रोखीत बुडण्यासारखा आयकर मुळातच नसतो.

तूट पुढे पडते. हजारो शेतकऱ्यांकडून कर गोळा करणे परवडत नाही, म्हणून 2017 पासून शेतकऱ्याच्या कच्च्या कापसावरचा 5 टक्के जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. पण बिनापावतीचा कापूस जिनिंगमध्ये शिरला, की त्याची रुई, सरकी आणि नफा सगळेच वहीबाहेर राहते. रोख व्यवहाराला दुसऱ्या बाजूची नोंद नसते. अधिकाऱ्याने पडताळायचे कशाशी?

तरी यंत्र माग ठेवते. 100 क्विंटल कापसातून साधारण 34 क्विंटल रुई निघते, म्हणजे 170 किलोच्या 20 गाठी. वीजबिल 30 गाठींचे आणि वहीत 20 असतील, तर संशयाला जागा आहे. मात्र उतारा वाणानुसार आणि ओलाव्यानुसार बदलतो, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरत नाही. तुम्ही विकताना काटापट्टी जरूर मागा.