कशिदा आधी उलटा करून पाहा

घरातला जुना कशिदा संगणकावर उतरवून ठेवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी फोटो काढण्याआधी कापड उलटं करून पाहावं. सेलूच्या आमच्या घरात ते उशिरा झालं. त्यामुळे बराच खटाटोप वाया गेला आणि आजीच्या मनात जी शंका बसली ती अजून पुरती निघालेली नाही.

आजीचं माहेर बीदर जिल्ह्यातल्या भालकीचं. आज बीदर जिल्हा कर्नाटकात आणि आमचा परभणी जिल्हा महाराष्ट्रात असला, तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही हैदराबाद राज्यातच होते. आजीची आई धारवाडकडची. तिच्याकडून आजीला कर्नाटकी कशिदा, म्हणजे कसुती, मिळाला. गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, पाळणा असे त्यातले नमुने. या कशिद्यात कापडावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढत नाहीत, विणीतले धागे मोजून सुई घालतात. टाके चारच. गवंती ही सरळ रेघ, मुरगी ही पायऱ्यांसारखी चढणारी रेघ, नेयगीत विणल्यासारखं भरत जायचं आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. आजी अजूनही धागे कानडीत मोजते. ओंदु, एरडु, मूरु म्हणताना तिला मध्येच काही विचारलं तर ती चिडते, कारण एक धागा चुकला की पुढची सगळी पायरी सरकते.

पहिली फाइल मी केली ती तिच्या इरकलीच्या पदरावरच्या गोपुराची. मोबाइलवर फोटो काढला, `Inkscape` मध्ये घेतला, `Trace Bitmap` चालवलं आणि परभणीत कंप्युटर एम्ब्रॉयडरी करणाऱ्या एका दुकानातून नमुना भरून आणला. आजीने तो हातात घेतला, चष्मा लावला आणि लगेच उलटा केला. "वरून बरंय गं," ती म्हणाली, "पण हे सुरू कुठून झालं?" मला सांगता आलं नाही. मग तिने स्वतःचा पदर उलटा करून शेजारी ठेवला. तिच्या गोपुराची रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच होती, कुठे गाठ नाही की लोंबता दोरा नाही. माझ्या नमुन्याच्या मागे पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं होतं.

तिचा प्रश्न बरोबर जागी बसला होता. मोजून भरलेल्या कशिद्याचा नमुना म्हणजे दिसणारं चित्र नव्हे. किती टाके आणि सुई कुठल्या वाटेने गेली, या दोन गोष्टी म्हणजे नमुना. फोटोत त्यातली एकही नीट येत नाही.

आधी मोजणीचं सांगते. हातमागाच्या कापडात आडवे आणि उभे धागे क्वचितच सारखे दाट असतात. या पदरावर एक इंच खिडकीचं भिंग ठेवून मोजलं, तर रुंदीच्या दिशेने इंचाला ६० धागे आले आणि उंचीच्या दिशेने ५२. आजी चार धाग्यांवर एक टाका घेते. म्हणजे रुंदीत इंचाला १५ टाके, उंचीत १३. गोपूर ३० टाके रुंद आणि ३० टाके उंच आहे, पण कापडावर ते दोन इंच रुंद आणि सुमारे २.३ इंच उंच दिसतं. मी फोटोवर चौकोनी जाळी टाकली होती. तिच्यात उंची साडेचौतीस घरं भरली. मग कुठली पायरी एका घराची आणि कुठली दीड घराची, हे मी अंदाजाने ठरवत गेले, आणि गोपुराचा डावा उतार उजव्याशी जुळेना. अशी दीड घराची पायरी दिसली की समजावं, आपण चित्र मोजतो आहोत, टाके नाही.

म्हणून आता आधी चौकटीच्या वहीत नकाशा काढते. एक टाका म्हणजे एक घर, मग कापडावर तो लांबट दिसो की आखूड. सुरुवात मधल्या रेघेपासून करायची, आधी एक बाजू मोजायची, मग दुसरी. गोपुरात मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना पंधरा पंधरा टाके यायलाच हवेत. एका बाजूला चौदा आले तर बहुधा टाका झिजून गेलेला असतो. भिंगातून सुईची भोकं दिसतात, ती मोजावीत. कापडाची दाटी वहीच्या कोपऱ्यात वेगळी लिहायची, कारण ती त्या कापडाची आहे, नमुन्याची नाही. हाच नकाशा मॅटीवर भरला की गोपूर चौरस येतं, आणि आजीच्या मते ते तितकंच खरं असतं. जुनं काळं लुगडं असेल तर मोजण्याआधी धुऊ नका आणि वाफेची इस्त्री फिरवू नका. रंग सुटला की दोरा काळसर होऊन काळ्यावर दिसेनासा होतो.

आता वाटेचं. गवंतीत सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी शेवटापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत येताना रिकाम्या जागा भरते. त्यामुळेच दोन्ही बाजू सारख्या दिसतात. रेघेला फांदी फुटते तिथे आजीचा नियम आहे: आधी फांदी, मग खोड. जाताना फांदी लागली की तिच्या टोकापर्यंत जायचं, तिच्यावरूनच परत यायचं आणि मग पुढे निघायचं. हा नियम का चालतो ते मी कागदावर बाण काढून पाहिलं. फांदीवर जाऊन परत येण्यात टाके नेहमी सम संख्येने खर्च होतात. म्हणून खोडावरून परतताना प्रत्येक जागी आधीच्या उलट टाका पडतो. जिथे आधी वर होता तिथे खाली, जिथे खाली तिथे वर.

गोपुराच्या खिडक्यांत हे सहज फसतं. चार टाक्यांची खिडकी एकाच दिशेने दोनदा फिरून भरायला गेलात तर पहिला टाका वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली, आणि पाचवा पुन्हा पहिल्याच जागी वर. दोन बाजू दुहेरी होतात आणि दोन समोरून कोऱ्या राहतात. चार टाके गेलं की त्याच वाटेने उलटं फिरायचं, तेव्हा खिडकी बंद होते. कुणा नवख्या मुलीला नुसतं चित्र दिलं तर ती इथेच अडते, आणि दोरा तोडून गाठ मारते. म्हणून नकाशावर बाण आणि क्रमांक हवेतच. क्रमांक मिळवायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे आजीच्या खांद्यामागून, तिला दिसतं तसं, हाताचं चित्रीकरण करणं. समोरून केलं तर डावं-उजवं उलटतं. आणि मागच्या बाजूचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा. दोरा एका फांदीवरून दुसरीकडे कुठे गेला, हे तिथेच कळतं.

हे सगळं झाल्यावर मगच यंत्राची फाइल. `Trace Bitmap` नेहमीच्या रीतीने एका दोऱ्याच्या रेघेच्या दोन्ही कडा धरतं, म्हणजे एका रेघेच्या दोन रेघा होतात. दुकानातला नमुना जाडजूड आला त्याचं एक कारण ते. आता मी नकाशावरून रेघ हाताने ओढते आणि जिथे सुई कापडात शिरते तिथे प्रत्येक ठिकाणी बिंदू ठेवते. `Ink/Stitch` मध्ये `Manual stitch` निवडलं की यंत्र त्याच बिंदूंवर सुई घालतं. ते निवडलं नाही तर टाके ठरवलेल्या लांबीने पडतात आणि आपल्या बिंदूंवरच पडतील याची खात्री राहत नाही.

पण यंत्राला गवंती येत नाही. ते वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवून शिवतं, म्हणून टाका प्रत्येक ठिकाणी वर दिसतोच. आजीची जाण्या-येण्याची वाट जशीच्या तशी दिली तर प्रत्येक रेघ दोनदा शिवली जाते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत दोरा साठतो. पदरावर तिचा टाका रुंदीत जेमतेम १.७ मिलिमीटरचा आहे. इतक्या आखूड टाक्यांनी आणि दुहेरी रेघांनी आमचं पातळ कापड चुरगळलं. मी टाका २ मिलिमीटरचा केला, म्हणजे गोपूर ६० मिलिमीटरचं झालं, आणि जिथे जमेल तिथे रेघ एकदाच नेली. दुकानदार "थोडं लहान करून देतो" म्हणाला तर थांबवा. आकार बदलायचा असेल तर टाक्याची लांबी बदलून तुम्हीच बदला, टाक्यांची संख्या तीच राहू द्या.

दुकानात देतात ती `.DST` फाइल जपून ठेवली म्हणजे नमुना जपला, असं समजू नका. तिच्यात मुख्यतः सुई कुठून कुठे सरकली हेच, मिलिमीटरच्या दहाव्या भागात, लिहिलेलं असतं. रंग कुठला, कापड कुठलं, टाका किती धाग्यांचा, यातलं काही नाही. नकाशा, त्याची `SVG` फाइल, मागचा फोटो आणि हाताचं चित्रीकरण हे एकत्र ठेवा. यंत्राची फाइल पुन्हा कधीही करता येते.

नवा नमुना आजीने पाहिला. कोपरे ठीक आहेत म्हणाली, उलटा केला आणि काहीच बोलली नाही. मग मला विचारलं, "यावर काय लिहिणार आहेस?" हे नमुने भरलेले उशीचे अभ्रे मी विकते, त्यांवर "आजीच्या नमुन्यावरून, यंत्रावर भरलेलं" असं लिहिते. कसुती या नावाला भौगोलिक मानांकन आहे. परभणीत यंत्रावर भरलेल्या कापडाला ते नाव चिकटवणं मला योग्य वाटत नाही, आणि आजीला तर मुळीच नाही.

परवानगीही एकदाच, सगळ्या नमुन्यांची मिळून घेऊ नये. गोपूर आणि तुळशीवृंदावन तिने दिलं. रथाच्या नकाशात तिला चाकाचा एक टाका कमी सापडला, तो दुरुस्त करून मगच दे म्हणाली. कुंचीवरचा पाळणा मात्र तिने अडवून ठेवला आहे. तो तिने घरातल्या बाळांसाठीच भरला, आणि कुणाच्याही उशीवर तो यावा की नाही, हे तिचं ठरत नाही. पाळणा मी वहीत मोजून, बाण काढून ठेवला आहे. त्याची यंत्राची फाइल केलेली नाही.