समोरची इमारत खेळण्यासारखी का दिसते?

प्रश्न : चौथ्या मजल्यावरच्या छोट्या बाल्कनीचा रेंडर केला. खुर्च्या, कुंड्या, रेलिंग मापात आहेत. पण मागे फोटो लावून दाखवलेली इमारत खोटी वाटते. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा क्षितिजरेषा. कॅमेरा तुमच्या फरशीपासून दीड मीटरवर आणि सरळ रोखलेला असेल, तर क्षितिज चित्राच्या मध्यावर येतं आणि समोरच्या इमारतीला ते तिच्या चौथ्या मजल्यावरच छेदायला हवं. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत ते तळमजल्यावर छेदतं, म्हणून सगळं फसतं. फोटो त्याच बाल्कनीतून, उभं राहून काढा.

मग आकार तपासा. समजा, कॅमेऱ्यापासून रेलिंग ३ मीटरवर, उंची १.०५ मीटर, समोरची इमारत १२ मीटरवर, मजल्याची उंची ३ मीटर. उंचीला अंतराने भागा : रेलिंग ०.३५, मजला ०.२५. म्हणजे चित्रात रेलिंग ७ सेंटिमीटर दिसत असेल, तर समोरचा एक मजला ५ सेंटिमीटरच दिसला पाहिजे. दोन्ही इमारतींचे मजले एका पातळीत असतील, तर समोरच्या चौथ्या मजल्याची स्लॅब रेलिंगच्या वरच्या दांडीच्या किंचित वर दिसेल. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

जागा लहान म्हणून १६ मिमीची लेन्स लावू नका. कडेच्या कुंड्या ताणल्या जातात, इमारत दूर पळते. कॅमेरा मागे हॉलमध्ये न्या, मधली भिंत लपवा आणि २४ ते २८ मिमी ठेवा.