मोगऱ्याची कुंडी केव्हा बदलावी?

शाळेच्या ओसरीवर मोगऱ्याची कुंडी असली, म्हणजे एप्रिल महिन्यात शिक्षकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. सकाळी पाणी घातलेले असूनही दुपारी झाड मान टाकते. घातलेले पाणी क्षणात तळाच्या भोकातून वाहून जाते. कुंडी लहान पडली असे समजून सुट्टी लागण्यापूर्वी झाड मोठ्या कुंडीत हलविले जाते. आठवड्याभरात कळ्या गळतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कुंडीत काटक्या उरलेल्या असतात. येथे चूक कृतीची नसून वेळेची असते.

झाड जमिनीतून पाणी घेते ते मुळांच्या टोकांजवळ असलेल्या केसांसारख्या तंतूंच्या द्वारे. कुंडी बदलताना कितीही जपले, तरी यांतील बरेच तंतू तुटतात. ते पुन्हा फुटेपर्यंत दोन-तीन आठवडे झाडाला पाणी कमी मिळते. शिरूर-दौंडकडील एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो व कोरडे वारे वाहतात. अशा वेळी पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते. आवक घटलेली व खर्च वाढलेला, अशी झाडाची स्थिती होते. त्यातच मोगऱ्याचा बहर याच दिवसांतला. झाडाचे अन्न कळ्यांकडे वळलेले असल्यामुळे नवी मुळे फुटण्यास ते अपुरे पडते. म्हणून बहर आणि उन्हाची लाट हे दोन्ही काळ कुंडी बदलण्यास वर्ज्य समजावेत.

पाणी झटकन वाहून जाणे हे कुंडी लहान पडल्याचे लक्षण नेहमीच असते असे नाही. घोड व भीमा नद्यांच्या काठची काळी माती कुंडीत भरलेली असेल, तर ती वाळल्यावर आकसते व कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी त्या फटीतून खाली जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. याची परीक्षा सोपी आहे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवावी. माती फुगून फट बुजली व झाड संध्याकाळी टवटवीत दिसले, तर दोष मातीचा आहे. अशा कुंडीवर वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा, पाणी सावकाश घालावे व ती पूर्वेच्या ओसरीवर ठेवावी. पावसाळा येईपर्यंत एवढे पुरते.

कुंडी खरोखर लहान पडली असेल, तर तळाच्या भोकातून मुळे बाहेर डोकावतात, नवी पाने पूर्वीपेक्षा लहान येतात आणि गड्डा बाहेर काढला असता त्याभोवती मुळांचे जाळे गुंडाळलेले दिसते. माती अधिक व मुळे थोडी दिसली, तर झाड पूर्ववत ठेवावे.

योग्य काळ आर्द्रा नक्षत्राच्या सुमाराचा, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा. तथापि हे तालुके पर्जन्यछायेत असल्यामुळे केवळ पंचांगावर विसंबू नये. दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली, उष्ण वारे थांबले, आभाळ ढगाळ राहू लागले, बहर सरून फांद्यांच्या पेरांवर हिरवे डोळे दिसू लागले, ही खूण धरावी. शिवाय या काळात शाळा भरत असल्याने झाडाकडे रोज लक्ष राहते.

समजा, झाड आठ इंची कुंडीत आहे. त्यासाठी दहा इंची कुंडी घ्यावी. फार मोठी घेतल्यास मुळे न पोचलेली माती सतत ओली राहून मुळे कुजतात. भोकावर खापरी ठेवावी. पोयटा माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग व वाळू एक भाग असे मिश्रण भरावे. आदल्या दिवशी झाडास पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी गड्डा अखंड काढून गुंडाळलेली मुळे बोटांनी अलगद मोकळी करावीत व खोड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे. फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात, म्हणजे पाण्याचा खर्च कमी होतो. नंतर भरपूर पाणी देऊन दहा दिवस सावलीत ठेवावे व मग हळूहळू उन्हात आणावे.

मे महिन्यात कुंडी फुटलीच, तर मात्र थांबता येत नाही. तेव्हा मुळांना हात न लावता सबंध गड्डा दुसऱ्या कुंडीत बसवावा, कळ्या खुडाव्यात व झाड पूर्ण सावलीत ठेवावे. हा उपाय झाड जगविण्यापुरता आहे. मुळे मोकळी करण्याचे काम पावसाळ्यावर सोपवावे.

हलविल्यानंतर रोज एका ठराविक फांदीचे निरीक्षण विद्यार्थ्यांकडून वहीत नोंदवून घ्यावे. पहिले काही दिवस पाने थोडी मलूल दिसतील. नवी पालवी फुटून वाढू लागली, म्हणजे मातीखाली नवी मुळे धरली असे समजावे.