नरसाळ्याचा रिकामा कोपरा

संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखात ठिपक्यांचा एक छोटा आलेख पुष्कळदा आढळतो. त्यास ‘फनेल प्लॉट’ म्हणतात. निष्कर्षावर किती विसंबावे, याची एक खूण त्यात दडलेली असते.

आलेखातील प्रत्येक ठिपका म्हणजे एक अभ्यास. आडव्या अक्षावर उपचाराचा परिणाम असतो. मृत्यूचा ऑड्स रेशो मांडला असेल, तर १ म्हणजे फरक नाही आणि डावीकडे लाभ. उभ्या अक्षावर स्टँडर्ड एरर असून तिचे शून्य वरच्या टोकास असते. म्हणून मोठे अभ्यास वर, एकमेकांजवळ दिसतात. लहान अभ्यासांत योगायोगाचा वाटा अधिक असल्याने ते खाली दोन्ही बाजूंस पसरतात. सर्व अभ्यास हाती असल्यास उपड्या नरसाळ्याचा आकार होतो. खालचा उजवा कोपरा रिकामा असेल, तर लाभ न आढळलेले लहान अभ्यास प्रसिद्धच झाले नसावेत, अशी शंका घ्यावी.

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याचे उदाहरण बोलके आहे. १९९१ मध्ये सात लहान चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात १,३०१ रुग्ण होते. मॅग्नेशियमच्या गटात २५, तर दुसऱ्या गटात ५३ मृत्यू झाले. एवढ्या स्वस्त औषधाने मृत्यू निम्म्यावर यावेत, ही आशा मोठी होती. १९९२ मध्ये २,३१६ रुग्णांच्या ‘लिमिट-२’ चाचणीतही लाभ दिसला, पण तो सुमारे एक चतुर्थांश एवढाच. पुढे ५८,०५० रुग्णांच्या ‘आयसिस-४’ चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मॅग्नेशियम घेतलेल्यांपैकी ७.६४ टक्के व न घेतलेल्यांपैकी ७.२४ टक्के रुग्ण दगावले. लाभ उरला नाही. माथियास एगर व जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी या चाचण्यांचा नरसाळे-आलेख तपासला, तेव्हा तो एका बाजूस कललेला आढळला.

मात्र रिकामा कोपरा हा पुरावा नव्हे, संशय होय. लहान चाचण्यांची पद्धत सैल असू शकते, त्यांतील रुग्ण निराळे असू शकतात, किंवा तो निव्वळ योगायोगही असेल. ‘आयसिस-४’ मध्ये औषध उशिरा दिले गेले, असा आक्षेप तेव्हा घेतला गेलाच. तो पडताळण्यासाठी ६,२१३ रुग्णांना घेऊन केलेल्या ‘मॅजिक’ चाचणीत औषध लवकर दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही मृत्यूंत फरक आढळला नाही. शिवाय अभ्यास दहाहून कमी असतील, तर आकारावरून अनुमान काढणेच धोक्याचे.

म्हणून असा आलेख समोर आल्यास त्याचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकावा. उरलेले मोठे अभ्यास एकत्रित निष्कर्षापासून दूर, १ च्या रेषेकडे सरकलेले दिसले, तर लाभाचे श्रेय औषधास देण्यापूर्वी थांबावे आणि चाचण्यांच्या नोंदवहीत अप्रकाशित नोंदी शोधाव्यात.