ताबा घेताना लिहायचे पत्र

सर्वेक्षणाच्या प्रॅक्टिकलला लेव्हल लावताना "याचा पुढे उपयोग काय?" असे आपण सगळेच विचारतो. या सुट्टीत एक उपयोग सापडला. मामांना पुण्यातील नव्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता. बिल्डरच्या ऑफिसने ताबापावती आधीच पाठवली होती आणि तिच्यात एक ओळ छापलेली होती : "सर्व काम पाहिले, समाधानकारक आहे." मामांनी सही करण्यापूर्वी मला तपासणीला बोलावले.

मामांनी आपले पत्र आधीच लिहून ठेवले होते. त्यात "बाथरूमचे काम निकृष्ट आहे, त्वरित दुरुस्त करावे" असे एक वाक्य होते. वाक्य खरे असले तरी कामाचे नव्हते. अशा पत्रावर साइटवरचा माणूस येतो, सांध्यात पांढरे सिमेंट भरतो आणि "काम झाले" म्हणून सही मागतो. दोष कुठे आहे, किती आहे, कसा तपासला आणि दुरुस्तीनंतर काय दिसले पाहिजे, या चार गोष्टी पत्रात असल्या तर त्याला तसे करता येत नाही.

आधी बाथरूम घेऊ. जमिनीवर बादलीभर पाणी ओतले, तर नहाणीकडे जाण्याऐवजी ते बेसिनखालच्या कोपऱ्यात साचले. पट्टीने मोजले, खोली 8 मिमी भरली. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब लावली. ट्यूबच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, त्यामुळे त्या पातळीपासून टाईलपर्यंतचे अंतर मोजले की उतार कळतो. दाराशी 1000 मिमी, नहाणीशी 1005 आणि बेसिनच्या कोपऱ्यात 1013 आले. म्हणजे कोपरा नहाणीपेक्षा 8 मिमी खोल होता, आणि साचलेले पाणीही तेवढेच होते. दारापासून नहाणी 1.8 मीटर आहे. 1:100 उतार धरला तरी तिथे 18 मिमी उतार हवा, प्रत्यक्षात 5 मिमी होता.

हा दोष टाईलच्या खालच्या थरात असल्यामुळे वरून काही भरून जाणार नाही, टाईल काढाव्याच लागतील. खरी मेख इथे आहे. टाईल काढताना छिन्नी खालच्या वॉटरप्रूफिंगला लागली, तर उतार सुधारतो पण गळती सुरू होते. म्हणून पत्रात दुरुस्तीचा क्रमही लिहिला.

हॉलमध्ये बीमच्या खालच्या कडेने एक आडवी, सरळ भेग होती. काँक्रीटचा बीम आणि ब्लॉकची भिंत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की अशी भेग पडते. ती बहुधा धोक्याची नसते, पण नुसती पुट्टी भरली की पुन्हा उघडते. भेग बीमवरच तिरपी असती, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायला सांगितले असते.

शेवटी पत्र असे झाले :

"महोदय, आज तपासणीत पुढील दोष आढळले.
1) कॉमन बाथरूम : बेसिनखाली 8 मिमी पाणी साचते. नहाणीकडे उतार 18 मिमी हवा, तो 5 मिमी आहे. टाईल काढून वॉटरप्रूफिंग तपासावे, नहाणी बंद करून 24 तास पाणी साठवावे, खालच्या फ्लॅटचे छत आम्हांला दाखवावे आणि मगच टाईल बसवाव्यात.
2) हॉल, पूर्वेची भिंत : बीमखाली 2.4 मीटर आडवी भेग. सांधा खरवडून, जाळी मारून पुन्हा गिलावा करावा.
या दोषांची नोंद ठेवून ताबा घेत आहे. रेरा कायदा 2016, कलम 14(3) नुसार 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी. सोबत तारखेसह फोटो."

या कलमानुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कळवलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. 30 दिवसांत केला नाही, तर भरपाई मागता येते. पण तारखेचा पुरावा आपल्याकडे हवा. म्हणून पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी, नाही दिली तर स्पीड पोस्टने पाठवावे. पावतीवरची ती 'समाधानकारक' ओळ खोडून "सोबतच्या पत्रास अधीन राहून" असे लिहावे.

मामा म्हणाले, "त्यापेक्षा आपलाच गवंडी लावू, दोन दिवसांत होईल." मी करार उघडून दाखवला. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूममध्ये फोडतोड केली तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते, असे कलम अनेक करारांत असते. मामांच्या करारातही ते होते.

पत्राची पोच मिळाली, पावतीवरची ओळ खोडली गेली. बाथरूमच्या टाईल निघाल्या आहेत आणि सध्या तिथे पाणी साठवून ठेवले आहे. उद्या खालच्या मजल्यावर छत बघायला जायचे आहे.