गाठी मोजल्या, तागे राहिले

(भिवंडीसारख्या ठिकाणी कोऱ्या कापडाच्या गोदामात साथीदारांसमोर बोलण्यासाठी हे छोटे भाषण आम्ही देत आहोत. आकडे उदाहरणाचे आहेत, मालकांनी आपल्या मालाप्रमाणे बदलून घ्यावेत.)



समजा, गाडी आली. चलनावर 40 गाठी, प्रत्येकीत 10 तागे, म्हणजे 400 तागे. आपण 40 गाठी मोजल्या, सही दिली आणि वहीत 400 लिहिले. पण दोन गाठींत नऊ-नऊच तागे होते. गोदामात आले 398. आठवड्याने गिऱ्हाइकाला पूर्ण माल कबूल केला की दोन तागे सापडत नाहीत, आणि मग संशय हमालावर जातो. हमालाचा यात काय दोष?

वाहतूकवाल्याच्या बिल्टीवर बहुधा फक्त गाठींची संख्या असते. त्यामुळे गाठ कमी आली किंवा फाटलेली दिसली, तर सही करण्याआधीच बिल्टीवर तसा शेरा मारून घ्यावा. गाडी गेल्यावर त्याला विचारणे कठीण. आतले तागे मात्र पाठवणाऱ्याशी बोलायचे. एकाच मालाच्या गाठी काट्यावर ठेवल्या की हलकी गाठ लगेच कळते. इतर गाठी 120 किलो आणि एखादी 108 भरली, तर ती त्याच दिवशी सर्वांसमोर फोडून मोजावी व पाठवणाऱ्याला कळवावे.

मोजणाऱ्याला चलन आधी दाखवू नये, हे आमचे ठाम मत आहे. 400 वाचलेला माणूस 400 च मोजतो! त्याने आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा, मुनीमजींनी तो चलनाशी ताडून पाहावा.

आता रोजच्या मोजणीचे. सगळे गोदाम रोज मोजणे जमणार नाही, म्हणून रोज एक जात मोजायची. सकाळी 216 तागे, आले 80, गेले 95, तर संध्याकाळी 201 हवेत. 199 भरले तर शेजारची थप्पी मोजा. तिथे दोन जास्त निघाले, तर माल चुकीच्या थप्पीवर गेला आहे. कुठेच जास्त नसतील, तर चूक आवकेत किंवा जावकेत आहे, आणि त्या दिवशीची गाडी, चिठ्ठी व माणूस अजून सर्वांच्या लक्षात असतो. महिनाअखेरीस हाच फरक सापडला तर केवळ वाद उरतो.

तागे बरोबर भरले म्हणजे मीटर बरोबर असे मात्र नाही. 100 मीटरचा शिक्का असलेला तागा 97 भरू शकतो. म्हणून प्रत्येक आवकेतून दोन तागे मोजपट्टीवर घ्यावेत.

जकातीचा हिशेबही विक्रीसाठी गोदामात असलेल्या मालावर करायचा आहे, वहीतल्या मालावर नव्हे.

आजपासून असरच्या नमाजनंतर मोजणी होईल. त्याआधी सर्व चिठ्ठ्या मुनीमजींकडे पोचवाव्यात, आणि मोजणी संपेपर्यंत एकही तागा हलवू नये.