नाडी बोटांनी, मग आवाज कानांनी

प्रश्न : प्रात्यक्षिकात मामांचा रक्तदाब बोटांनी १६८ आला, स्टेथोस्कोपने १३८/९४. खरा कोणता?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुम्ही कफमध्ये हवा कितीपर्यंत भरली होती? १५० च्या आसपास असेल, तर चूक तिथेच आहे. वाढलेला रक्तदाब असलेल्या काही प्रौढांमध्ये आवाज सुरू होऊन मध्येच लुप्त होतात आणि खाली पुन्हा येतात. तुम्ही त्या शांत पट्ट्यातून सुरुवात केलीत, म्हणून वरचे आवाज निसटले.

पुन्हा मोजा. मामांना पाच मिनिटे बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा. मनगटाची नाडी लुप्त होईल तो आकडा टिपून हवा सोडा. मिनिटभराने त्याच्या ३० वर, म्हणजे १९८ पर्यंत भरा. स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत आतल्या बाजूला ठेवा, कफखाली खुपसू नका. पारा सेकंदाला २ ते ३ मिमीने उतरू द्या. घाई केली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो.

समजा, आवाज १७० ला आला, १५६ ला थांबला, १३८ ला परतला आणि ९४ ला कायमचा गेला. नोंद १७०/९४ करा, शेजारी मधली शांतताही लिहा. १५६ ला खालचा दाब समजून थांबू नका.